नुकतेच रंगवलेले केस, तारकर्लीचा समुद्र आणि नंतरचं धुणं

ऋता, जुळे सोलापूर (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. काल रविवारी केस रंगवून घेतले. सगळ्या केसांना बरगंडी, आणि समोरच्या दोन बटा आधी ब्लीच करून त्यांवर वाइन रेड. शुक्रवारी पहाटे आम्ही घरचे दहा जण तारकर्लीला निघतोय, तीन दिवसांसाठी. बुकिंग महिन्यापूर्वीचं आहे, केसांचं मात्र अचानक ठरलं, कारण परतल्यावर लगेच चुलतबहिणीचं लग्न आहे.

आता सगळे घाबरवायला लागलेत की खाऱ्या पाण्यात गेलीस तर रंग उतरून जाईल. मला समुद्रात जायचंच आहे, मुलाला पहिल्यांदा लाटा दाखवायच्यात. तर खाऱ्या पाण्याने खरंच रंग जातो का? आणि बाहेर आल्यावर केस नेमके कसे धुवायचे? केस कमरेच्या थोडे वर येतात, दाट आहेत.

श्रीकांत, सैफुल (सोमवार, रात्री ९:४५)

ताई, खाऱ्या पाण्याचं मला विचारा. आमच्या अपार्टमेंटला पाच वर्षं बोअरचंच पाणी आहे. बादलीला पांढरा थर, नळाच्या जाळीला थर, साबणाला फेस नाही. माझे निम्मे केस गेले. बायको केसांना मेंदी लावते, तिचाही रंग धड बसत नाही. आता शेवटचा तांब्या आम्ही पिण्याच्या जारचा घेतो, तेवढाच फरक पडलाय. बोअरला सॉफ्टनर बसवून घ्या, हाच उपाय.

ऋता, जुळे सोलापूर (सोमवार, रात्री ९:५२)

काका, मी समुद्राच्या पाण्याबद्दल विचारतेय. पण बोअर आमच्याकडेही आहे, नळाला काही रोज पाणी येत नाही. तेव्हा तुमचंही उपयोगी पडेल.

निर्मला काकू (सोमवार, रात्री १०:२०)

अगं मिठाने रंग जात नाही, पक्का होतो! माझ्या सासूबाई नवीन इरकल घरात आलं की पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात घालायच्या, रात्रभर. मीही आजतागायत तेच करते. मग समुद्राच्या पाण्याने केसांचा रंग का जाईल? उलट बसेल बघ. निर्धास्त जा.

वीणा, विजापूर रोड (मंगळवार, सकाळी ७:३०)

ऋता, माझं अठरा वर्षांचं पार्लर आहे. आधी एक सांग. पुढच्या बटांचा वाइन रेड ट्यूबमधला होता का, म्हणजे डेव्हलपर मिसळून लावलेला? की डबीतून काढून तसाच ब्रशने लावला? त्यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे.

ऋता, जुळे सोलापूर (मंगळवार, सकाळी ८:०५)

बरगंडीसाठी वाटीत दोन गोष्टी कालवल्या होत्या, अमोनियाचा वास येत होता. बटांसाठी मात्र डबीतून जांभळट क्रीम काढून तसंच लावलं, काही मिसळलं नाही.

वीणा, विजापूर रोड (मंगळवार, दुपारी २:१५)

मग तुझ्या डोक्यावर दोन वेगळ्या जातीचे रंग आहेत आणि समुद्रात दोघे वेगळे वागतील.

केसावर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे असतात. बरगंडी लावताना अमोनियाने ते पापुद्रे उचलले जातात, रंगाचे बारीक कण आत शिरतात आणि पेरॉक्साइडमुळे आतल्या आत एकमेकांना जुळून मोठे होतात. मोठे झाल्यावर त्यांना बाहेर यायला वाट अरुंद पडते. म्हणून तो रंग टिकतो. जाणारच नाही असं नाही, लाल छटा सगळ्यांत आधी फिकी होते, पण ती हळूहळू.

बटांचं तसं नाही. ब्लीचने तिथले पापुद्रे फाटके झालेत आणि वरचा रंग तयार स्वरूपातच नुसता मुरवलाय. आत जाऊन मोठा झालेला नाही. जसा आला तसा तो पाण्यासोबत निघतो. साध्या पाण्यातही निघतो, समुद्रात तर केस अर्धा अर्धा तास भिजलेले राहतात आणि लाटा त्यांना सतत हलवत असतात.

आता मिठाचं. माझं मत असं की रंग काढण्याचं काम मीठ फारसं करत नाही, ते पाणीच करतं. मिठाचा त्रास नंतर सुरू होतो. पाणी उडून गेलं की मीठ केसावर खड्याखड्याने राहतं, केसावर केस घासला जातो, गुंता होतो, आणि तो गुंता कोरडा ओढला की पापुद्रे निघतात. ज्या केसाचे पापुद्रे गेले त्यातला रंग पुढच्या धुण्यात जातो. त्यात वर ऊन. लग्नाच्या आधी आलेल्या कितीतरी मुलींचे केस मी बघितलेत, गोव्याहून आलेल्यांचे समोरचे आणि वरचे केस फिके, मानेजवळचे जसेच्या तसे. पाणी तर दोन्हीकडे सारखंच लागलेलं असतं ना.

रंगानंतर पहिलं धुणं आम्ही दोन-तीन दिवस थांबवतो. समुद्राला मी स्वतः आठवडा तरी सांगते, ब्लीच असेल तर दोन. तुझे पाचच दिवस होतात. बटा बांधून वर ठेवल्यास तर उरलेल्या केसांची मला काळजी नाही.

रंगखाना (मंगळवार, रात्री ९:३०)

मी केसांतला माणूस नाही, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या डाईंगला बावीस वर्षं आहे. पण काकूंचं मीठ वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

काकू, तुमच्या सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. सुती धाग्याला रिॲक्टिव्ह रंग देताना आम्ही खरंच मीठ घालतो, आणि भरपूर घालतो. पाण्यात सूत आणि रंग एकमेकांना दूर ढकलतात, मीठ ते ढकलणं कमी करतं, मग रंग पाण्यातून सुतावर चढतो. पण चढतो म्हणजे पक्का झाला असं नाही. पक्का तो सोड्याने होतो, धुण्याच्या सोड्याने. सोडा विसरला तर कितीही मीठ घाला, पहिल्या धुण्यात टॉवेल रडतो. तयार होऊन आलेल्या लुगड्यावर घरचं मीठ एवढंच करतं की भिजत असताना सुटा रंग पाण्यात कमी उतरतो. पुढच्या साध्या पाण्यात तो उतरतोच. आणि केस म्हणजे सूत नव्हे. तो लोकरीच्या जातीचा, प्रथिनाचा. त्याच्या रंगाशी मिठाचा हा संबंधच येत नाही.

दुसरं. बाहेर जाणाऱ्या बीच टॉवेलला समुद्रपाण्याची वेगळी चाचणी असते. लिटरला ३० ग्रॅम मीठ घातलेलं पाणी, त्यात नमुना पूर्ण भिजवायचा, पांढऱ्या कापडाला लावून दोन पट्ट्यांमध्ये दाबायचा आणि ३७ अंशांवर चार तास ठेवायचा. नंतर पांढऱ्या कापडावर किती डाग आला ते बघायचं. खरा समुद्र लिटरला साधारण ३५ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास तेच.

हे तुम्ही घरी करू शकता ताई. पेलाभर, म्हणजे २०० मिली पाण्यात सपाट चहाचा चमचा मीठ. मानेजवळची एक बारीक बट आणि पुढची एक, दोन्हींची टोकं त्यात भिजवा, पांढऱ्या सुती रुमालाच्या दोन वेगळ्या कोपऱ्यांत गुंडाळा, क्लिप लावा आणि तासभर बसा. आणि एक तिसरा कोपरा साध्या पाण्याचा ठेवा, पुढच्याच बटेचा. तो नसेल तर मिठाने गेला की पाण्याने, हे कळणार नाही.

ऋता, जुळे सोलापूर (बुधवार, रात्री १०:४०)

रंगखाना दादा, केलं. रुमाल समोर आहे, त्यावरूनच लिहितेय.

मानेजवळच्या बरगंडी बटेच्या कोपऱ्यावर चहाचा थेंब पुसल्यासारखी अगदी फिकी तपकिरी रेघ. पुढच्या बटेचा कोपरा मात्र जांभूळ दाबल्यासारखा, घडीच्या तिन्ही थरांतून आरपार. आणि साध्या पाण्याचा कोपराही जवळजवळ तेवढाच जांभळा. वीणाताई म्हणाल्या तेच, पाणीच रंग नेतंय.

तेव्हा बटा वेणीत घालून वर बांधणार हे नक्की. आता धुण्याचं सांगा. तिथे होमस्टेला एक बादली आणि एक मग मिळतो, शॉवर आहे की नाही माहीत नाही.

देवगडची सुमन (बुधवार, रात्री ११:२५)

माहेर देवगड, सासर सोलापूर. दोन्हीकडचं पाणी केसांनी भोगलंय माझ्या.

समुद्रात जायच्या आधी केस गोड्या पाण्याने चिंब भिजवून घे. कोरडा केस समोर येईल ते पाणी पितो. आधीच गोडं पाणी प्यायला असेल तर खारं कमी जातं. आणि खोबरेल लाव, भरपूर, टोकांना जास्त. आम्ही लहानपणापासून तेल थापूनच पाण्यात उतरायचो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. किनाऱ्याला लागून असलेल्या कित्येक घरांची बोअर मचूळ असते, उन्हाळ्यात तर जास्तच. तू त्याच पाण्याने केस धुशील आणि म्हणशील, धुतले तरी चिकट कसे. गेल्या गेल्या नळाचं पाणी जिभेला लावून बघ. मचूळ लागलं तर घरमालकांना विचार, वरच्या अंगाला गोड्या पाण्याची विहीर असतेच कुणाची तरी, तिथून कळशीभर देतात.

वीणा, विजापूर रोड (गुरुवार, सकाळी ७:१०)

सुमनताईंचं आधी भिजवणं शंभर टक्के बरोबर. तेलाबद्दल मात्र मी थोडी वेगळी आहे. खोबरेल केसाच्या आत जातं आणि पाण्याने केस फुगणं कमी करतं, हे खरं. पण थापलेलं तेल काढायला शांपू लागतो, दाट केसांना दोनदा, आणि पाच दिवसांच्या रंगाला तो दोनदा शांपू समुद्राहून वाईट. मी म्हणेन अर्धा चमचा तेल, फक्त टोकांना, आदल्या रात्री.

देवगडची सुमन (गुरुवार, सकाळी ९:००)

अर्ध्या चमच्याने एवढ्या केसांचं काय होणार, वीणाताई? माझा अनुभव वेगळा आहे. पण माझे केस रंगवलेले नाहीत, एवढं कबूल करते.

रंगखाना (गुरुवार, दुपारी १:२०)

धुण्याचं आमच्या धंद्यातलं गणित सांगतो, पाणी कमी असेल तर फार कामाचं आहे.

आधी केस हाताने पिळून काढायचे, चोळायचे नाहीत. असं धरा की पिळल्यावरही केसांत १०० मिली समुद्राचं पाणी राहिलं, त्यात साडेतीन ग्रॅम मीठ. टोपात एक लिटर गोडं पाणी घेऊन केस त्यात बुडवले, हलवले, आणि पुन्हा पिळून १०० मिली उरेपर्यंत आणले, तर मीठ अकराव्या हिश्श्यावर येतं. पाणी फेकून दुसरं लिटर घेतलं की त्याचाही अकरावा हिस्सा. तिसऱ्यांदा आणखी अकरावा. म्हणजे तीन लिटरमध्ये साडेतीन ग्रॅमचे तीन मिलिग्रॅमसुद्धा उरत नाहीत. तेच तीन लिटर एकदम घेऊन एकदाच बुडवलेत तर शंभरहून जास्त मिलिग्रॅम उरतात. पाणी तेवढंच, पण जवळजवळ चाळीसपट मीठ मागे. आमच्याकडे म्हणूनच एक मोठी धुवणी नसते, तीन-चार लहान असतात, आणि दर वेळी पाणी पूर्ण काढून टाकतात. नवीन पोरं नेमकं तेच विसरतात, जुनं पाणी निथळू न देता वर नवं सोडतात.

पण हे सगळं पाणी गोडं असेल तरच. पाण्यात स्वतःचं जेवढं मीठ आहे त्याच्या खाली तुम्ही कितीही धुवण्यांनी जाऊ शकत नाही. म्हणून पहिल्या दोन मचूळ पाण्याच्या चालतील, तिसरी पिण्याच्या पाण्याची हवी. श्रीकांतरावांचा शेवटचा तांब्या बरोबर तेच काम करतो.

श्रीकांत, सैफुल (गुरुवार, दुपारी २:००)

बघा की, मी म्हणालो होतो. सोलापूरहून वीस लिटरचा जार गाडीतच टाका.

वीणा, विजापूर रोड (गुरुवार, दुपारी ४:३०)

आणि वेळ महत्त्वाची. केस वाळायच्या आत धुवायचे. वाळूत बसून गप्पा मारल्यास तर मीठ केसावरच सुकेल.

तिसऱ्या धुवणीनंतर शांपू नको, थेट कंडिशनर, कानाखालून टोकांपर्यंत, तुझ्या लांबीला लिंबाएवढा गोळा. चार-पाच मिनिटं राहू दे, आणि तो केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर सोडवत ये. वाळूही तेव्हाच सुटते. मग गार नाहीतर कोमट पाणी, कढत नको. टॉवेलने दाबायचं, झटकायचं नाही. त्या दिवशी ड्रायर नको. शांपू करायचाच झाला तर शेवटच्या दिवशी एकदा, सल्फेट नसलेला.

मीठ राहिलंय का ते ओळखायला सोपं आहे. वाळल्यावर बटा एकमेकींना धरून दोरीसारख्या राहतात, मुठीत दाबल्या की सुक्या गवतासारख्या करकरतात. शंका असेल तर शेवटचं पिळलेलं पाणी जिभेच्या टोकाला लाव.

ऋता, जुळे सोलापूर (सोमवार, रात्री ९:००)

काल रात्री उशिरा पोहोचलो. जसं घडलं तसं लिहिते.

पहिला दिवस नियमाप्रमाणे. केस आधी भिजवले, टोकांना अर्धा चमचा तेल (सुमनताई, माफ करा), पुढच्या बटा वेणीत घालून वर क्लिपने बांधल्या. नळाचं पाणी चाखलं, स्पष्ट मचूळ. घरमालकीणबाईंनी शेजारच्या आवाठातल्या विहिरीचं एक कळशी पाणी आणून दिलं, स्वतः डोक्यावरून. मग टोपात बुडवून तीन धुवण्या, तिसरी आमच्या जारच्या पाण्याची. तिसरं पिळलेलं पाणी जिभेला अजिबात खारट नव्हतं. संध्याकाळी केस मऊ होते, सासूबाईंनीच हात लावून बघितले.

दुसऱ्या दिवशी बिघडलं. मुलाने वाळूचा किल्ला करायला घेतला आणि मी ओल्या केसांनी त्याच्याजवळ बसले. उठेपर्यंत दीड-दोन तास झाले होते, भर दुपारचं ऊन. एका लाटेत क्लिप सुटली होती, बटा मोकळ्या होत्या, ते लक्षातच आलं नाही. खोलीत येऊन धुवायच्या आधी कंगवा घातला, तीच चूक. कंगव्यात केसांचा झुपका आला, मुळापासून नाही, मधूनच तुटलेले. नंतर चार धुवण्या केल्या तेव्हा कुठे करकर थांबली.

आज उजेडात बघितलं. मागचे केस बरगंडीच आहेत, थोडे कोरडे. टाळूवरचे किंचित तांबूस. पुढच्या बटा मात्र गेल्या, वाइन रेडची आता पिकल्या पेरूच्या गरासारखी फिकी गुलाबी झालीय, टोकांना जवळजवळ पिवळी. लग्न पुढच्या बुधवारी आहे.

वीणा, विजापूर रोड (सोमवार, रात्री ९:४०)

घाबरू नकोस. पुन्हा ब्लीच कुणी सुचवलं तर अजिबात नको, त्या बटा आता तो मार झेलणार नाहीत. डोक्याची कातडी उन्हाने भाजली असेल तर ती बरी होईपर्यंत कुठलाच रंग नको. तसं नसेल तर रविवारी ये. त्याच जातीचा वाइन रेड कंडिशनरमध्ये कालवून वीस मिनिटं लावते, टोकांना थोडा जास्त दाट. लग्नापर्यंत एकदाच धू.

तोवर घरी बोअरच्या पाण्यानंतर लिटरभर पिण्याच्या पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घालून शेवटचं पाणी घे. डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. केसाचे पापुद्रे बसतात, बोअरचा थरही सुटतो.

रंगखाना (सोमवार, रात्री १०:०५)

व्हिनेगरला दुजोरा. आम्हीही सोड्यानंतर ॲसेटिक ॲसिडनेच माल न्यूट्रल करतो, तीच वस्तू.

बटा मात्र कशाने गेल्या हे मला ठरवता येत नाही. रुमालाचा तासभर आणि दोन तासांचं ऊन यांची तुलना नाही होत. आमच्याकडे उन्हाची चाचणी वेगळी, पाण्याची वेगळी, आणि ओलं असताना उन्हात ठेवलं तर काही रंग दोन्हींपेक्षा लवकर जातात.

देवगडची सुमन (सोमवार, रात्री १०:३०)

मी अजूनही म्हणते, तेल भरपूर लावलं असतं तर केस मधून तुटले नसते.

वीणा, विजापूर रोड (सोमवार, रात्री १०:४५)

तुटले नसते कदाचित, हे मान्य. पण बटांचा रंग तरीही गेला असता. ऋता, रविवारी येताना तो रुमाल घेऊन ये, जांभळा कोपरा धरूनच छटा जुळवते.

निर्मला काकू (मंगळवार, सकाळी ६:५०)

ऋता, नीट होतील बटा. रंगखाना, काल माझ्या हिरव्या इरकलाचा कोपरा साध्या पाण्यात भिजवून पांढऱ्या रुमालात बांधला होता. रुमाल हिरवा झाला हो. दहा वर्षांचं लुगडं आहे, दर वेळी मिठातच घालत आले. आता काय करू?

रंगखाना (मंगळवार, सकाळी ८:१५)

काकू, काठ लाल आहे का? रेशमी की सुती? काठ आणि अंग वेगवेगळं तपासा, दोन रुमाल घ्या. आज संध्याकाळी सांगा, मग वेगळा धागा काढू.